वाटणीचं डंबेल

आमच्या घरात वाटणी झाली ती आजोबांच्या काळात. ओटीच्या मधोमध चिऱ्याची भिंत आली आणि अर्धं घर काकांकडे गेलं. त्यानंतर वाटणीचा विषय निघाला तो थेट गेल्याच्या गेल्या गणपतीत, आणि तोही डंबेलांवरून. दादा डोंबिवलीहून गाडी घेऊन आला होता, डिकीत वीस-वीस किलोची जोडी. वहिनीला स्वयंपाकघरातल्या त्या कोपऱ्यात गॅसचं दुसरं सिलिंडर ठेवायचं होतं, म्हणून लोखंड गावाला. परत निघताना मात्र दादाचा जीव अडकला. नारळ, तांदूळ, उकड्या पेजेचं सामान असं सगळं भरून झाल्यावर एक डंबेल त्याने गुपचूप सीटखाली सरकवलं आणि मला म्हणाला, "एक तुला, एक मला. सातबाऱ्यावर नाव चढवून घे."

तर देवगड तालुक्यातल्या आमच्या घरात माझ्या नावावर एक डंबेल आहे. ओतीव लोखंडाचं, गोल डोक्यांचं, वीस किलोचं. चकत्या काढता-घालता येणारं नव्हे. वीस म्हणजे वीस.

जागेचं म्हणाल तर लोकांना वाटतं गावात काय, खळं पडलंय मोकळं. खळं मोकळं कधीच नसतं. चार महिने पाऊस, मग भात, मग कुळीथ, मग आमसुलं. मधे थोडं रिकामं मिळालं तरी उघड्यावर व्यायाम म्हणजे वाटेने जाणारा प्रत्येक जण थांबून सल्ला देणार. ओटीवर हंगामात आंब्याच्या पेट्या असतात, एरवी शिडी, घळ, सुंभाची भेंडोळी. माझ्या वाट्याला येते एक चटई. सहा फूट बाय तीन. वर माळा, आणि माळ्याची तुळई इतकी खाली की उभं राहून हात वर केला तर डंबेल तिला लागतं. एकदा लागलंही. वरून वाळवी, माती आणि कधीचा तरी हरवलेला चमचा खाली आला.

पहिल्या आठवड्यातच कळलं की एकाच वजनाची अडचण ते जड आहे ही नाही आणि हलकं आहे ही पण नाही. ते एकाच वेळी दोन्ही आहे. दोन पायांवर बैठका मारायच्या, डंबेल छातीशी धरायचं, तर माझ्या तीस होत आणि मग दमण्याआधी कंटाळा येई. तेच डंबेल डाव्या हाताने डोक्यावर न्यायला गेलो तर कानाच्या पातळीला अडलं, ते अडलंच. पायांना वीस किलो म्हणजे पोरखेळ आणि डाव्या खांद्याला डोंगर. जिममध्ये असतो तर पायांसाठी चाळीस उचललं असतं, खांद्यासाठी बारा. इथे लोखंड बदलत नाही म्हटल्यावर आपल्या अंगानेच त्याला कधी जड करायचं, कधी हलकं.

जड करणं सोपं निघालं. माझं वजन चौसष्ट किलो. त्यात वीस मिळवले की चौऱ्याऐंशी, दोन पायांत वाटले की पायाला बेचाळीस. हिशेब ढोबळच आहे, पण उपयोगाचा. आता एक पाय पुढे आणि एक मागे ठेवून, मागच्या पायाचा चवडा जेवायच्या पाटावर टेकून खाली बसलो, तर भाराचा मोठा वाटा पुढच्या पायावर येतो. समजा पाऊण आला, तर त्या एका पायावर त्रेसष्ट किलो. दोन पायांवर तेवढा भार आणायचा असता तर हातात बासष्ट किलोचं डंबेल लागलं असतं. पाट फुकटचा. आईची एकच अट, "जेवणाच्या पाटार पाय ठेवू नुको, तो फुटको घी." तेव्हापासून कोपरा उडालेला पाट माझा. (उंबरठ्यावर पाय ठेवून बघायचा विचार मी बोलूनसुद्धा दाखवला नाही.)

पहिल्या दिवशी तिसांवरून मी एकदम आठांवर आलो. डंबेल एका हातात लोंबतं, दुसऱ्या हाताची बोटं नुसती भिंतीला लावलेली, तोल जाऊ नये एवढ्यापुरती. खाली जायला मनात तीन आकडे मोजायचे, तळाला एक क्षण थांबायचं, मग वर. इथे दोन गोष्टी बिघडतात. दोन्ही पावलं एका रेषेत आली की माणूस दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखा हलतो. पावलं दोन वेगळ्या रुळांवर आहेत असं समजून मधे वीतभर अंतर ठेवलं की हलणं थांबतं. दुसरी गोष्ट जास्त लबाड. दमलं की मागचा पाय चोरून ढकलायला लागतो आणि आपल्याला वाटतं आपण ताकदवान झालो. ओळखायचं कसं? दुसऱ्या दिवशी दुखतं कुठे ते बघायचं. पाटावरच्या पायाची मांडी पुढच्या पायापेक्षा जास्त धरली असेल तर काम भलत्याच पायाने केलं. माझे पहिले दोन आठवडे असेच गेले.

बारा व्यवस्थित व्हायला लागल्या तेव्हा मी तळाला थांबायचा क्षण दोन आकड्यांचा केला आणि पुन्हा आठांवर आलो. वजन वाढवायची ही माझी रीत. लोखंड तेच राहतं, मोजणं बदलतं. स्नायू वाढायला ठरावीकच वजन लागतं असं नाही. पाचांत दमवणारं वजन असो की तिसांत दमवणारं, शेवटची दोन-तीन उचलणी खरोखर जड गेली तर काम होतं. ताकदीचं तसं नाही. ती जड उचलूनच येते, म्हणून तीसांच्या पुढे नुसत्या बैठका मोजत बसण्यापेक्षा एक पाय कमी करणं मला पटलं.

हलकं करणं मात्र मला तीन महिने पुरलं.

तुळईमुळे उभं राहून डोक्यावर नेणं बादच होतं. मग एक गुडघा जमिनीला टेकून. डावा हात वर जायचा असेल तर डावा गुडघा खाली, गुडघ्याखाली गोणपाटाची घडी, उजवं पाऊल पुढे. या बैठकीत एक मेख आहे. उभ्याने आपण गुडघ्यांचा हलका झटका देऊन वजन वर ढकलतो, ते इथे जमत नाही. कमरेतून मागे झुकून छातीच्या जोरावर नेऊ म्हटलं तर तोल जातो. म्हणजे जागेच्या अडचणीने मला सगळ्यात प्रामाणिक आणि म्हणून सगळ्यात कठीण प्रकार करायला लावला. उजव्या हाताने चार झाले. डाव्याने शून्य.

संध्याकाळी दिवा मागे असला की समोरच्या भिंतीवर सावली पडते. तिच्यात पाहिलं तर डावा हात अडल्यावर मी अख्खा उजवीकडे वाकत होतो, वाऱ्यावरच्या माडासारखा. वजन वर जातच नव्हतं, मीच त्याच्याखालून बाजूला सरकत होतो. दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "पाण्याचा कॅन घे. दहा लिटर म्हणजे दहा किलो, वाढवत ने." बरोबर होतं त्याचं. करूनही पाहिलं. अर्धवट भरलेल्या कॅनमधलं पाणी डोक्यावर डचमळतं, आणि मूठ अशी की मनगट मागे मोडतं. आणि खरं सांगायचं तर माझं भांडण त्या लोखंडाशी होतं, कॅनशी नव्हतं.

उपाय विहिरीवर सापडला असं लिहायला छान वाटलं असतं, पण तो जुनाच आहे आणि तालमीतल्या कुणालाही माहीत असतो. जे वजन आपण उचलू शकत नाही ते आपण सावकाश खाली सोडू शकतो. ओझं उतरवताना स्नायू लांब होत होत जोर धरतो, आणि तसा धरलेला जोर उचलण्याच्या जोरापेक्षा बराच जास्त असतो. फणस झाडावरून दोरीने सोडणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. तोच फणस दोरीने वर ओढायला सांगा.

म्हणून दोन्ही हातांनी डंबेल खांद्याशी आणायचं, दोन्ही हातांनीच डोक्यावर न्यायचं, वर पोचलं की उजवा हात सोडायचा आणि एकट्या डाव्याने पाच आकडे मोजत खांद्यापर्यंत उतरवायचं. उजवा हात लांब न्यायचा नाही, तो डंबेलाजवळच तयार ठेवायचा. डाव्या कुल्ल्याचा स्नायू आवळलेला, बरगड्या खाली, श्वास उतरताना थोडा थोडा सोडत. तीन वेळा, दोन मिनिटं विसावा, असे तीन सेट. आठवड्यातून दोनदा. थांबायची खूण मी आधीच ठरवली होती. पाच मोजायच्या ऐवजी तिसऱ्या आकड्यालाच डंबेल खांद्यावर आलं, म्हणजे ते मी उतरवलं नाही, ते पडलं. त्या दिवशी तिथेच बस.

ही खूण मी स्वतःच मोडली. नोव्हेंबरात सुरुवात केली, तीन आठवडे मस्त गेले, मग हाव सुटली. आठवड्यातून दोनदाऐवजी रोज, आणि तिनांऐवजी पाच. उतरवण्याच्या व्यायामाची गंमत ही की करताना फारसा दम लागत नाही, म्हणून माणूस जास्त करतो. त्याची झळ नंतर बसते. दहाव्या दिवशी डाव्या कुशीवर झोपता येईना. खांद्याच्या पुढच्या बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशी एक जागा दुखत होती. मांडी धरते तसं हे दुखणं नव्हतं. स्नायू धरला तर सगळा भाग जड होतो आणि दोन-तीन दिवसांत उतरतो. हे टोचत होतं, आणि रात्री जास्त.

दोन आठवडे डोक्यावर काही नेलं नाही. त्याऐवजी पाठीवर झोपून जमिनीवरून ढकलणं. दंड जमिनीला टेकला की हात आपोआप थांबतो, खांदा फार मागे जात नाही, म्हणून दुखऱ्या खांद्याला तो प्रकार सोसला. प्रत्येकाला सोसेल असं नाही. त्यातही दुखलं असतं तर मी डॉक्टरकडेच गेलो असतो. एका डंबेलाने हे करताना फक्त एकाच बाजूला भार असतो आणि अंग त्या बाजूला कलंडायला बघतं. रिकामा हात बाजूला पसरून तळवा जमिनीवर दाबला की ते सावरतं. आणि डंबेल छातीवर आणायचं तर झोपल्या झोपल्या एका हाताने खेचायचं नाही. कुशीवर वळायचं, तान्ह्या पोरासारखं दोन्ही हातांनी कवटाळायचं आणि त्याच्यासकट पाठीवर यायचं. ठेवतानाही तसंच, उलट्या क्रमाने. घाईत हात बाजूला पसरून ठेवायला जाल, तर दुखरा खांदा पुन्हा पहिल्या दिवसावर.

डिसेंबरच्या मध्याला पुन्हा दोनदाच, तिनाचेच तीन सेट. आठ-दहा दिवसांनी वरून डोक्याच्या टाळूपर्यंतच उतरवायचं आणि एकट्या डाव्यानेच परत वर न्यायचं, असं सुरू केलं. टाळूवरून जमलं की कानापर्यंत. कानाशीच माझा हात अडायचा, म्हणून तिथे तीन आठवडे मुक्काम पडला. संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी खांद्यापासून सुरुवात केली आणि ते गेलं वर. सावकाश, थरथरत. सावली सरळ होती. दुसऱ्यांदा करून बघितलं, तर कानाशी अडलं. मी तेवढ्यावरच थांबलो आणि चहा घेतला.

या सगळ्या काळात उजव्याने काय करायचं हा प्रश्न होता. त्याला चार येत होते, सहाही आले असते. मी नियम केला की आधी डावा, आणि डाव्याने जेवढे केले तेवढेच उजव्याने. उजवा हात म्हणजे घरातला कर्ता मुलगा, त्याला थोडं थांबवलं तर तो खंगत नाही. आज डाव्याचे तीन आहेत, उजव्याचे मी तीनच करतो. शक्य किती आहेत ते महिन्यातून एकदा बघतो. गेल्या वेळी सहा होते.

बाकीचा व्यायाम फार बोलण्यासारखा नाही. आठवड्यातले तीन दिवस, त्यातल्या दोन दिवशी डोक्यावर नेणं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या जागी जमिनीवरून ढकलणं. त्याच्या जोडीला पाटावरच्या बैठका, बाकड्यावर एक हात टेकून दुसऱ्याने डंबेल कमरेपर्यंत ओढणं, आणि एका पायावर कमरेतून वाकणं. वाकताना मोकळ्या हाताने दाराची चौकट धरायची आणि हवेतल्या मागच्या पायाची बोटं जमिनीकडे ठेवायची. ती बाहेरच्या भिंतीकडे वळली की समजायचं, कंबर उघडली. डावं-उजवं आळीपाळीने होत असल्यामुळे एक बाजू करते तेव्हा दुसरी विसावते, आणि पस्तीस मिनिटांत आटोपतं. दोन पायांवर वाकून जमिनीवरून उचलण्याच्या व्यायामाला मात्र वीस किलो फारच कमी, आणि त्यावर माझ्याकडे खरा तोडगा नाही. सावकाश केलं, थांबून केलं, तरी कमरेला आणि पाठीला जड दांडा उचलण्याची सर त्याला येत नाही.

शेवटी असतं धरून उभं राहणं. याला चालायला हवं, म्हणजे एका हातात डंबेल लोंबवून वीस-पंचवीस पावलं, पण चटई सहा फुटांची. म्हणून जागच्या जागी पावलं उचलायची, गुडघा कमरेपर्यंत, सावकाश, चाळीस सेकंद. आई एकदा दारात उभं राहून बघत होती. "ह्यां काय? पाय भाजतत?" म्हणून विचारलं तिने. मी म्हटलं, कळशी धरल्यासारखं करतोय. तर म्हणाली, "मगे पाणी तरी भर."

तिचं चुकलं नाही. नळ यायच्या आधी ती उतारावरच्या विहिरीवरून पाणी आणायची, डोक्यावर हंडा आणि हातात कळशी. उजव्या हातात कळशी असेल तर ती माणसाला उजवीकडे ओढते आणि त्याला सरळ धरून ठेवायचं काम डाव्या कुशीचे स्नायू करतात. डोक्यावर हंडा असल्यावर वाकायची सोयच नाही, सगळं पाणी अंगावर. हे ध्यानात आल्यावर मी डोक्यावर एक तांब्या ठेवून बघितला, अर्धा भरून. बारा सेकंद.

लोखंडाचंही सांगायला हवं, कारण समुद्र आमच्यापासून आंब्याच्या दोन बागांइतकाच लांब आहे. गेल्या पावसाळ्यात डंबेलाला असा गंज चढला की तळहात विटकरी व्हायचे. आईने पितळ घासायची सोलं घेतली आणि डंबेल घासून लख्ख केलं. सोलांच्या आंबटाने गंज गेला खरा, पण उघडं पडलेलं लोखंड तसंच ओलं राहिलं आणि दुसऱ्या सकाळी पहिल्यापेक्षा जास्त तांबडं. मग मी सोलांनी घासून, धुऊन, लगेच चुलीजवळ कोरडं करून खोबरेल लावलं. सगळ्याला लावलं, मुठीलाही. ते माझं शहाणपण. संध्याकाळी ओढताना डंबेल हातातून सुटलं आणि अंगठ्यापासून चार बोटांवर कोब्यावर आदळलं. कोब्याला ताऱ्यासारखी चीर गेली, ती अजून आहे. आता तेल फक्त दोन डोक्यांना. मूठ कोरड्या फडक्याने पुसायची, पावसात चिमूटभर राख चोळायची. खाली कायम काथ्याचं पायपुसणं आणि त्यावर दुहेरी गोणपाट. आदळू नये म्हणून तर खरंच, पण आमची ओटी पाणी जावं म्हणून किंचित उतरती आहे आणि गोल डोक्यांचं डंबेल एकटं सोडलं की ते मांजराच्या दिशेने निघतं. तुम्ही घेणार असाल तर षटकोनी डोक्यांचं घ्या. माझं वाटणीत आलंय.

वाडीतले लोक विचारतात, एप्रिल-मेत दिवसभर पेट्या उचलतोस, वर हे कशाला? पेटी दोन हातांनी उचलली जाते, पुढ्यात, कमरेच्या उंचीला, आणि दिवसभर तशीच. डोक्यावर काही जात नाही, एका बाजूला काही येत नाही. हे मी एकदोघांना समजावून सांगितलं. आता नुसतं हसतो.

या मेमध्ये मात्र खंड पडला. परवा पेट्या ट्रकमध्ये चढवून आलो, चटई टाकली, तर डंबेल जागेवर नाही. शोधलं. पडवीत खारातल्या आंब्यांची मोठी बरणी, तिच्यात कैऱ्या तरंगू नयेत म्हणून आत फळी, फळीवर पाटा-वरवंट्यातला जुना वरवंटा उभा, आणि बरणीच्या तोंडाबाहेर आलेल्या त्याच्या टोकावर आडवी दुसरी फळी टाकून त्यावर, फडक्यात गुंडाळून, माझं वीस किलो. खाऱ्या पाण्याला लोखंड लागू नये याची तिने नीट काळजी घेतली होती.

"किती दिवस?" मी विचारलं.

"खार मुरापर्यंत," आई म्हणाली. "दगड हलके पडतत."

रात्री दादाला फोन केला. तो हसून हसून दमला. मग म्हणाला, "मग आता काय करतोस?"

"कळशीने झाडांना पाणी घालतोय," मी म्हटलं. "आधी डावा हात."